ताट एकच होतं: कच्ची कालवं आणि इंदूरच्या काकांचं यकृत

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुंबईतल्या एका हॉटेलात पाच जण जेवायला बसले. भाच्याला बढती मिळाली होती, पार्टी त्याची. बर्फाच्या थाळीत उघड्या शिंपल्यांवर मांडलेली बारा कच्ची कालवं आली, सोबत लिंबाच्या फोडी आणि तिखट सॉस. इंदूरहून आलेल्या काकांनी चार खाल्ली, भाच्याने तीन, बाकीच्या दोघांनी उरलेली. काकूंनी वास घेतला आणि थाळी पुढे सरकवली. रविवारी संध्याकाळी काका-काकू अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसले. सोमवारी दुपारी चार वाजता काका आमच्या अतिदक्षता विभागात होते. रक्तदाब ८४ वर ५० आणि दोन्ही पोटऱ्यांवर काळे-निळे फोड.

काका-काकू आणि त्यांचं कुटुंब मी शिकवण्यासाठी रचलं आहे. जंतू, लक्षणं, तपासण्या आणि वेळा मात्र या आजारात असतात तशाच ठेवल्या आहेत. हे प्रकरण मी निवडलं ते एका प्रश्नामुळे. ताट एकच, खाणारे चार, मग मरणाच्या दारात एकटे काकाच का गेले?

काकांचं वय ५८, राहायला इंदूरच्या रामबागेत. सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर. दारूला कधी शिवलेले नाहीत. छातीत जळजळ होते म्हणून दोन वर्षांपासून रोज सकाळी पोटातलं आम्ल कमी करणारी पँटोप्रॅझोलची गोळी. थकवा वाटतो म्हणून गेले तीन महिने लोहाच्या गोळ्या, त्या ओळखीच्या दुकानदाराने दिलेल्या. या ओळी वाचताना काहीच खटकत नाही. आपल्या घरातल्या कुठल्याही काकांचं वर्णन असंच असतं. अडचण इथेच आहे.

गाडीत रात्री दोनच्या सुमारास त्यांना हुडहुडी भरली. कालवं खाऊन तोवर साधारण २८ तास झाले होते. सकाळी घरी पोचल्यावर ताप १०३, एक उलटी, दोन पातळ जुलाब. मे महिना, गाडीचा प्रवास, स्टेशनवर घेतलेले वडे. घरच्यांनी ‘ऊन लागलं’ म्हणून ओआरएस आणि तापाची गोळी दिली. मी घरी असतो तर कदाचित हेच केलं असतं. खरा इशारा अकराच्या सुमारास आला. काका म्हणाले, पाय फाटताहेत. पोटरीवर तेव्हा फक्त हलकी लाली होती, सूज थोडी. दिसतं त्याच्या मानाने दुखणं कितीतरी जास्त, ही खूण प्रत्येक शस्त्रवैद्य ओळखतो. कातडीच्या खाली खोलवर काहीतरी जळत असतं आणि वरून ते दिसत नाही. दोन वाजेपर्यंत लालीचं जांभळं झालं, तीनला फोड आले आणि त्यात रक्ताळ पाणी भरलं.

दाखल केलं तेव्हा पहिला संशय डेंग्यूचा होता, कारण ताप होता आणि प्लेटलेट ६८,००० होत्या. दुसरा लेप्टोचा. पायाकडे पाहून तिसरा साध्या सेल्युलायटिसचा, म्हणजे कातडीच्या संसर्गाचा. इंदूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. इथला डॉक्टर तापाच्या रुग्णाला समुद्राबद्दल विचारत नाही, त्याला तसं शिकवलेलंच नसतं. आमच्या निवासी डॉक्टरने विचारलं, आणि काकांचा पुढचा सगळा प्रवास त्या प्रश्नावर अवलंबून राहिला.

“काकू, गेल्या आठवड्यात कुठे बाहेरगावी गेला होतात? समुद्राच्या पाण्यात उतरलात? मासळी, शिंपले असं काही खाल्लंत?”

“मुंबईला गेलो होतो. पाण्यात नाही उतरलो. ह्यांनी ते... शिंपल्यातलं कच्चं खाल्लं. मी नको म्हटलं होतं.”

यकृत बिघडलेला किंवा मधुमेही माणूस, कच्ची कालवं, दोन दिवसांच्या आत ताप, खालावलेला रक्तदाब आणि पायांवर रक्ताळ फोड. हे सगळं एकत्र आलं की एक नाव सर्वांत आधी मनात यायला हवं, व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कॉलऱ्याच्या जंतूचा हा भाऊबंद, पण स्वभाव अगदी वेगळा. कॉलरा आतड्यात राहून पाणी ओढून काढतो. हा आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो आणि तिथून कातडी व स्नायूंवर उतरतो. रक्तात पसरल्यावर सुमारे निम्मे रुग्ण दगावतात, काही तर आजार सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांतच. म्हणून प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट पाहायची नसते. आम्ही रक्ताचे नमुने काढले आणि पाऊण तासाच्या आत सेफ्टाझिडिम शिरेतून सुरू केलं, जोडीला डॉक्सिसायक्लिन. त्याच वेळी शस्त्रवैद्यांना बोलावलं, कारण मेलेल्या मांसापर्यंत रक्त पोचत नाही आणि रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. संध्याकाळी सातला दोन्ही पाय उघडून काळं पडलेलं मांस काढलं. पुढच्या चार दिवसांत आणखी दोनदा ते करावं लागलं.

मंगळवारी सकाळी रक्ताच्या बाटलीत वाढ झाल्याचा निरोप आला. सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखे वाकडे, लाल रंग घेतलेले जंतू. जंतू वाढवायच्या टीसीबीएस नावाच्या माध्यमावर त्यांच्या हिरव्या वसाहती आल्या, कॉलऱ्याच्या पिवळ्या येतात. डॉक्टर वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगतो. रक्तातला हा जंतू नेहमीच्या बाटलीतही वाढतो. पण जुलाबाच्या नमुन्यात तो शोधायचा असेल तर चिठ्ठीवर ‘व्हिब्रिओ पाहा’ असं लिहावं लागतं. न लिहिल्यास बहुतेक प्रयोगशाळा ते माध्यम वापरतच नाहीत, आणि अहवालात काही सापडलं नाही असं येतं.

आता मूळ प्रश्नाकडे. बाकीच्या तिघांना मी फोनवर विचारलं. भाच्याला रविवारी दुपारपासून पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब होते, सोमवारी थांबले. हा बहुधा दुसऱ्या भावाचा, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचा प्रताप. कच्च्या कवचजीवांतून धडधाकट माणसाला बहुतेक वेळा तोच पकडतो. पण भाच्याची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे नक्की म्हणता येणार नाही. उरलेल्या दोघांना काहीच झालं नाही.

एक कारण साधं आहे. थाळीतलं प्रत्येक कालव सारखं नसतं. कालव पाणी गाळून जगतं, मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. खाडीच्या कोमट, निमखाऱ्या पाण्यातला जंतू गाळता गाळता त्याच्या अंगात साठतो. शेजारच्या दोन कालवांत जंतूंची संख्या कितीतरी पट वेगळी असू शकते. कदाचित काकांच्या वाट्याला जास्त भरलेली आली असतील. पण एवढ्यावर उत्तर थांबत नाही. कारण हाच जंतू लाखो लोकांच्या पोटात जातो आणि बहुतेकांना त्याची खबरही लागत नाही.

निरोगी माणसात त्याच्या वाटेवर तीन पहारे असतात. पहिला जठरातल्या आम्लाचा. व्हिब्रिओ आम्लाला फार घाबरतो, गिळलेल्यातले बहुतेक तिथेच मरतात. काकांनी हा पहारा रोज सकाळी एक गोळी घेऊन उठवून ठेवला होता. दुसरा यकृताचा. आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतातून जातं. तिथल्या कुप्फर पेशी चुकार जंतू गिळून टाकतात. यकृत घट्ट, जाड झालं की रक्ताला त्यातून वाट मिळत नाही, ते आजूबाजूच्या फुगलेल्या शिरांतून वळसा घालून थेट हृदयाकडे जातं. पहारेकरी चौकीवर असतो, पण रस्ताच चौकी टाळून गेलेला असतो.

तिसरा पहारा लोहाचा आहे, आणि माझ्या मते आजाराचा सगळा डाव इथे फिरतो. या जंतूला वाढायला लोह लागतं, आणि ते भरपूर लागतं. निरोगी रक्तात लोह मोकळं नसतं, ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते घट्ट धरून ठेवतं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश जागाच भरलेल्या असतात. लोह उचलायला हात नेहमी मोकळे असतात, म्हणून जंतू उपाशी राहतो. शरीरातलं लोह आवरणारं हेप्सिडिन हे संप्रेरक यकृतात तयार होतं. यकृत बिघडलं की ते कमी पडतं, आतडं लोह शोषतच राहतं आणि ट्रान्सफेरिन भरत जातं. काका बरे झाल्यावर दीड महिन्याने आम्ही ट्रान्सफेरिनची भरती मोजली, ती ५८ टक्के निघाली. मुद्दाम इतकं थांबलो, कारण भर आजारात लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आणि लोहाचे आकडे दिशाभूल करतात. अशा रक्तात हा जंतू काही तासांत कित्येक पट वाढतो. जन्मजात लोह साठण्याचा आजार, म्हणजे हिमोक्रोमॅटोसिस, असलेल्यांना आणि थॅलेसेमियामुळे सतत रक्त चढवून घेणाऱ्यांना तो इतका जड जातो, त्याचंही कारण हेच. दुकानदाराच्या लोहाच्या गोळीवर सगळा दोष ढकलणार नाही. पण रक्तातली कमतरता तपासल्याशिवाय ती देण्याचं काहीच कारण नव्हतं.

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं की यकृताचा आजार असलेल्या माणसाला कच्च्या कालवांतून हा संसर्ग होण्याची शक्यता निरोगी माणसाच्या ८० पटींपर्यंत असते, आणि त्यातून मरण्याची २०० पटींहून जास्त. मधुमेह, कर्करोगाचे उपचार, एचआयव्ही, मूत्रपिंडाचा जुना आजार, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हे सगळे धोकाच वाढवतात. पण यकृत आणि लोह यांच्या जवळपासही त्यांपैकी काही येत नाही.

काकूंचा पुढचा प्रश्न मला जिव्हारी लागला. “पण डॉक्टर, ह्यांना लिव्हरचं काही नव्हतंच. हे पीत नाहीत.”

सोनोग्राफीत यकृत खडबडीत, कडा गाठाळ, प्लीहा १५.५ सेंटिमीटर. सिऱ्होसिस, म्हणजे यकृत घट्ट आणि गाठाळ होऊन बसणं, आणि तो काल-परवाचा नव्हता. दारू नसताना चरबी आणि मधुमेहामुळे होणारा, आज आपल्याकडे घरोघरी वाढत असलेला. मी त्यांची जुनी फाइल मागवली. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ असं लिहिलं होतं आणि शेजारी ‘चालायला जा’ असा सल्ला. यकृताच्या एन्झाइमचे आकडे एएसटी ६२, एएलटी ४८, आणि प्लेटलेट १ लाख ५ हजार. प्लेटलेटखाली लाल रेघ होती, पण त्यावर कोणीच काही बोललं नव्हतं. दाखल होतानाच्या ६८,००० मधला निम्मा डेंग्यूचा भ्रम इथूनच आला. प्लेटलेट आजाराने थोड्या पडल्या, पण त्या मुळात आधीपासून कमी होत्या, कारण फुगलेली प्लीहा त्या अडवून ठेवत होती.

त्या तीन आकड्यांतच उत्तर होतं. फिब-४ नावाचा एक हिशोब आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. वय गुणिले एएसटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने. काकांचं वय तेव्हा ५६. ५६ गुणिले ६२ म्हणजे ३४७२. ४८ चं वर्गमूळ ६.९३, गुणिले १०५ म्हणजे सुमारे ७२७. भागाकार ४.८. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृत फारसं घट्ट झालेलं नसतं, २.६७ च्या वर असेल तर दाट शंका घ्यायची आणि यकृताचा घट्टपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करायचा. काका दोन वर्षांपूर्वीच ४.८ वर होते. हिशोबाला मर्यादा आहेत. पस्तिशीच्या आतल्यांत तो नीट चालत नाही, पासष्टीनंतर वयामुळेच आकडा फुगतो, आणि अंगात ताप असताना काढला तर फसवतो. पण इथे तो अगदी सरळ बोलत होता. हा हिशोब कोणी केला असता तर काकांना कच्ची कालवं खाऊ नका हे सांगायला कोणीतरी असतं. तेव्हापासून ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेला कागद समोर आला की मी आधी प्लेटलेट बघतो.

आता त्या थाळीबद्दल. हॉटेलने कालवं चांगल्या पाण्यातली असल्याचं सांगितलं होतं, आणि ते खरंही असेल. लोकांना वाटतं की हा गटाराच्या घाणीचा जंतू आहे. तो नाही. तो खाडीच्या पाण्याचा मूळ रहिवासी आहे, पाणी २० अंशांच्या वर गेलं की वाढतो, मग पाणी कितीही स्वच्छ असो. कालवं दोन-तीन दिवस शुद्ध पाण्यात ठेवून धुऊन काढण्याची पद्धत आहे. तिने सांडपाण्यातले जंतू बऱ्यापैकी जातात, हा मात्र कालवाच्या मांसात घर करून असतो, तो निघत नाही. वास, रंग, चव यांतून तो कळत नाही. लिंबू आणि तिखट सॉस पृष्ठभागावर राहतात, जंतू आत असतात. फ्रिज त्याची वाढ थांबवतो, त्याला मारत नाही. बर्फात गोठवलं तरी काही उरतातच. बोटीवरून काढल्यापासून बर्फात जाईपर्यंत उन्हात गेलेला प्रत्येक तास जंतूंची संख्या वाढवतो, म्हणून मे महिन्यातलं कालव डिसेंबरातल्यापेक्षा जास्त धोक्याचं.

कॅलिफोर्नियाने २००३ साली यावर एक सरळ नियम केला. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मेक्सिकोच्या आखातातून काढलेली कच्ची कालवं, जंतू कमी करण्याची मान्य प्रक्रिया केल्याशिवाय विकायची नाहीत. त्याआधी तिथे या जंतूने जवळजवळ दरवर्षी माणसं मरत होती, नंतर ते मृत्यू जवळपास थांबले. धोक्याच्या लोकांना पत्रकं वाटून, दुकानात पाट्या लावून वर्षानुवर्षं हे साधलं नव्हतं. कारण साधं आहे, काकांसारख्या कित्येकांना आपण धोक्यात आहोत हेच माहीत नसतं.

उष्णतेपुढे मात्र हा जंतू अगदीच लेचापेचा आहे. त्याला बीजाणू नसतात, आतपर्यंत ६३ अंशांची उष्णता पंधरा सेकंद पोचली तरी तो मरतो. अडचण जंतूची नाही, आतपर्यंत पोचण्याची आहे. शिंपल्यासकट उकळायची असतील तर शिंपला उघडला म्हणजे झालं असं नाही. उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं उकळत ठेवायची. उघडणं म्हणजे फक्त आतला स्नायू सैल पडणं, ते बऱ्याच कमी तापमानाला होतं. वाफेवर करायची असतील तर पाणी आधी खळखळू द्यायचं, मग कालवं ठेवून चार ते नऊ मिनिटं. भांडं ठासून भरलं की मधली कच्ची राहतात, म्हणून थोडी थोडी घालायची. जी उघडत नाहीत ती टाकून द्यायची. सोललेली असतील तर किमान तीन मिनिटं उकळायची, किंवा १९० अंशांच्या कडकडीत तेलात किमान तीन मिनिटं तळायची. आणि ज्या कोयत्याने, ज्या पाटावर कच्ची सोलली तिथेच कोशिंबिरीची काकडी चिरायची नाही. सोलताना हाताला धार लागली, किंवा हातावर आधीची जखम असली, तर हाच जंतू तोंडाऐवजी जखमेतून शिरतो. म्हणून मधुमेह्याने किंवा यकृताच्या रुग्णाने कालवं सोलताना जाड मोजे घालावेत, किंवा सोलूच नयेत.

काका एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होते. डाव्या पोटरीचं बरंच मांस गेलं, मांडीची कातडी काढून तिथे लावली. सव्वादोन महिन्यांनी ते काठी घेऊन ओपीडीत आले. पँटोप्रॅझोल आम्ही गरजेपुरतं केलं, लोहाच्या गोळ्या बंद, हिपॅटायटिस अ आणि ब च्या लसी सुरू, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या म्हणून त्यांचं औषध. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, यकृतात गाठ होते का ते पाहायला.

काकूंचं माहेर मालवणचं. त्या दिवशी जाताना थांबल्या आणि जरा संकोचाने विचारलं, गणपतीला माहेरी जातोय, आई कालवांचं सुकं करते, ह्यांना द्यायचं की नाही?

“नीट शिजवलेलं असेल तर द्या. तीन मिनिटं तरी चांगली उकळायला हवीत, घड्याळ लावून. तुमच्या आई किती वेळ शिजवतात?”

“आई घड्याळ कुठलं बघतेय? कडा वळून आक्रसल्या, कालव लहान झालं, की मग कांदा-खोबऱ्याचं वाटण घालते. मग परत एक उकळी.”

सोललेलं कालव शिजलं हे ओळखायला पुस्तकातही हीच खूण दिली आहे, कडा वळणं. मी काकांच्या कागदावर ‘शिजवलेली चालतील, आईच्या पद्धतीने’ असं लिहिलं आणि खाली कच्च्यावर आडवी रेघ मारली.